बेलराणीला विहिरीत ढकललं, तेव्हा बघणारं कुणी नव्हतं

प्रश्न: "लोकसाहित्यावर एम.ए.चा लघुप्रबंध लिहितेय. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावातल्या म्हाताऱ्या बायांकडून गोष्टी रेकॉर्ड केल्यात. त्यात प्रॉपच्या सात भूमिका बसवायला गेले की गोंधळ होतो. साधू घोडा देतो आणि पुढं घोडाच सगळं करतो, मग दाता कोण आणि साहाय्यक कोण? वजिराचा पोरगा सगळीकडं राजपुत्राबरोबर असतो, त्याला कुठं टाकू? तोतया नायक तर निम्म्या गोष्टींत सापडतच नाही. या भूमिका ओळखायच्या कशा आणि एकमेकींशी जुळतात कशा?"

पात्रांची यादी समोर ठेवून प्रत्येकापुढं भूमिका लिहायला बसलं की हा गोंधळ होणारच. यादी बाजूला ठेवा आणि गोष्टीत काय काय घडतं तेवढंच आधी लिहून काढा. रशियन लोककथा-अभ्यासक व्लादिमीर प्रॉपनं १९२८ साली हेच केलं. अफानास्येवच्या संग्रहातल्या शंभर रशियन अद्भुतकथा घेतल्या आणि त्यात माणसं बदलली तरी कोणती कामं बदलत नाहीत ते पाहिलं. अशी ३१ कामं निघाली. सगळी कामं प्रत्येक गोष्टीत असतातच असं नाही, पण जी असतात ती ठरावीक क्रमानं येतात, असं त्याचं म्हणणं. ही कामं जुडग्याजुडग्यानं येतात आणि एकेक जुडगा म्हणजे एकेक भूमिका: खल, दाता, साहाय्यक, राजकन्या आणि तिचा बाप (हे दोघं मिळून एकच), पाठवणारा, नायक आणि तोतया नायक.

तुमचा प्रश्न यातल्या तिघांचा आहे. दाता नायकाची परीक्षा घेतो आणि तो उतरला तर काहीतरी हाती देतो. दात्याचं काम तिथं संपतं. साहाय्यकाची कामं पाच: नायकाला लांबच्या मुलखात नेणं, जी नड होती ती भागवणं, पाठलागातून सोडवणं, अवघड काम पार पाडणं आणि नायकाचं रूप पालटणं. तोतयाची तीन: तोही नायकासारखाच घरातून निघतो, दात्यापुढं उलटा वागतो आणि शेवटी "हे मीच केलं" असा दावा सांगतो.

साहाय्यकाची पाच कामं पुन्हा वाचा. गोष्टीतली जवळजवळ सगळी अंगमेहनत त्यात आली. मग नायकानं केलं काय? त्यानं दात्याची परीक्षा दिली, एवढंच बहुतेक वेळा त्याच्या नावावर उरतं. समुद्र घोड्यानं ओलांडला, एका रात्रीत धान्य मुंग्यांनी निवडलं, राक्षसाचा जीव कुठल्या पोपटात आहे ते मैनेनं सांगितलं. काम दुसऱ्यानं केलेलं असलं की ते कुणाच्या नावावर लागायचं हा प्रश्न मोकळा राहतो, आणि तोतया त्याच मोकळ्या जागेत शिरतो. परीक्षा झाली तेव्हा दाता आणि नायक दोघंच होते. काम झालं तेव्हा नायक आणि साहाय्यक दोघंच होते. ज्याच्या हातात बक्षीस आहे तो राजा दोन्ही वेळी तिथं नव्हता. या तीन भूमिका एकमेकींत अडकतात त्या इथं. एक काढलीत तर दुसरी लंगडी होते.

आता एक गोष्ट पूर्ण सोडवून दाखवतो. बेलराणीची घेतो, कारण ती आपल्या भागात अजून सांगितली जाते आणि तुमच्या रेकॉर्डिंगमध्येही बहुधा असेल. आर्ने-थॉम्प्सन-उथर यांच्या जागतिक सूचीत हा ४०८ क्रमांकाचा कथाप्रकार आहे. युरोपात राजकन्या संत्र्यातून निघते, आपल्याकडं बेलफळातून. मी ऐकलेली बीडकडची एक तऱ्हा अशी.

सात राजपुत्र भावांतला धाकटा बिनलग्नाचा. भावजयीनं ताट वाढलं, यानं भाजीला नाव ठेवलं. ती म्हणाली, "एवढीच चव कळत आसंल तर आण जा की बेलराणी, ती घालील रांधून." हा ताटावरून उठला तो निघालाच. रानात एक फकीर, सहा महिने झोपायचा, सहा महिने जागायचा. झोपेत अंगावर गवत उगवलेलं, वारूळ चढलेलं. यानं गवत उपटलं, जागा झाडली, धुनी पेटती ठेवली. फकीर जागा झाला, म्हणाला, "मला बघून लोक वाट बदलतेत बाबा, तू ऱ्हायलास. काय पाहिजे?" याला बेलराणी पाहिजे. फकिरानं चिमूटभर राख दिली. "हे आंगाला लाव, राकीस तुला बघायचे न्हाईत. एकच फळ तोड. मागून कुणीबी हाक मारली तरी मागं बघू नको." यानं फळ तोडलं, मागून कल्लोळ झाला, यानं मान वळवली, आणि दगड झाला. दिवस गेले, पोरगं येईना म्हणून फकीर उठून तिकडं गेला, दगडावर पाणी शिंपडलं, उठवलं, या खेपेला त्याला राघू केलं आणि पाठवलं. राघूनं चोचीत फळ आणलं. फकिरानं पुन्हा माणूस केलं आणि बजावलं, "घरी जाईस्तोवर फळ फोडायचं न्हाई."

गावच्या शिवेवर विहीर लागली. आता घर आलंच की, म्हणून यानं फळ फोडलं. आतून अशी पोरगी निघाली की याचे डोळे दिपले, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून हा झोपला. पाण्याला आलेल्या एका बाईनं ते पाहिलं. "बाई, तुझे डाग माझ्या आंगावर कसे दिसतेत ते बघू दे," म्हणून दागिने मागून घेतले, लुगडं बदललं, आणि विहिरीत वाकून बघ म्हणत बेलराणीला ढकलून दिलं. राजपुत्र उठला. "तू अशी काळवंडलीस कशानं?" "तुमच्या मुलखाच्या उन्हानं." तो तिला घेऊन घरी गेला.

विहिरीत कमळ उगवलं, ते राजपुत्राच्याच हाताला यायचं. खोट्या राणीनं कुस्करून टाकलं. टाकलं तिथं बेलाचं झाड आलं. तेही तिनं तोडायला लावलं. एक फळ घरंगळत माळणीच्या कुडाशी गेलं, त्यातून पोरगी निघाली, माळणीनं पोटच्या पोरीसारखी वाढवली. खोट्या राणीनं डोकं दुखायचं सोंग घेतलं, "त्या माळ्याच्या पोरीचं काळीज आणलं तरच उतरंल." पोरीला मारलं. तिच्या देहाचा वाडा झाला, डोळ्यांचे राघू-मैना झाले. एका रात्री राजपुत्र तिथं मुक्कामाला. राघू मैनेला सगळी हकीकत सांगतो, फळ, विहीर, लुगडं, कमळ, काळीज. हा खाली पडल्या पडल्या ऐकतो. बेलराणी परत मिळते, खोटीला शिवेवर गाडतात.

आता कामं बघा. भावजय ही पाठवणारी. ती दुष्ट नाही. तिनं टोमणा मारला नसता तर गोष्ट हललीच नसती. विद्यार्थी तिला खल म्हणून टाकतात, कारण भावजय म्हटलं की आपल्या मनात आधीच एक चित्र असतं. पण या गोष्टीत तिनं कुणाचं काही नेलं नाही, काही बिघडवलं नाही. एका वाक्यात काम करून ती निघून गेली.

फकीर आधी दाता आहे. झोपलेल्या म्हाताऱ्याची चाकरी ही परीक्षा, राख हे दान. पण राजपुत्र दगड झाल्यावर तो जागेवरून उठतो, जाऊन त्याला सोडवतो, त्याचं रूप पालटतो. ही साहाय्यकाची कामं. माणूस एक, भूमिका दोन, आणि दोहोंमधली रेघ बरोबर तिथं पडते जिथं फकीर धुनी सोडून उठला. मी स्वतः हीच खूण वापरतो: दाता आपल्या जागी असतो, नायक त्याच्याकडं जातो, साहाय्यक नायकाबरोबर चालतो किंवा त्याच्यासाठी धावून येतो. प्रॉपनं ही खूण अशा शब्दांत दिलेली नाही, पण त्यानं वाटून दिलेल्या कामांतून ती निघते, आणि आपल्याकडच्या गोष्टींत ती क्वचितच फसते. एकाच पात्राकडं दोन भूमिका येऊ शकतात, एक भूमिका अनेकांत वाटली जाऊ शकते, हे त्यानं मात्र स्पष्टच म्हटलंय. तेव्हा तक्त्यात फकिराचं नाव दोन ठिकाणी आलं तर खाडाखोड करू नका.

जाता जाता: ही जागा आपल्याकडं फकीर, गोसावी, आंधळी म्हातारी, कुणीही घेतं. खुलताबादच्या दर्ग्याला नवस बोलणारी आणि परळीच्या पायऱ्या चढणारी बाई एकच असते, तिच्या गोष्टीत आज फकीर आणि उद्या गोसावी आला तर तिला त्यात बदल झाल्यासारखं वाटत नाही. तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगताना आजींनी फकिराच्या जागी गोसावी बसवला तर त्याला त्याच गोष्टीचा पाठभेद म्हणून टीप द्या, दुसरी गोष्ट म्हणून क्रमांक देऊ नका.

फळ फुटलं की गोष्टीचा दुसरा पल्ला सुरू होतो, आणि इथं एक मोठा बदल होतो जो तक्त्यात हमखास सुटतो. नायक बदलतो. पहिल्या पल्ल्यात राजपुत्र शोधायला निघालेला नायक होता आणि बेलराणी शोधायची वस्तू. दुसऱ्यात राजपुत्र झोपलाय, फसलाय, त्याच्याकडून काही होत नाही. सोसते ती बेलराणी. प्रॉपनं नायकाचे दोन प्रकार मानलेत, शोधणारा आणि सोसणारा, ते इथं एकाच गोष्टीत एकापाठोपाठ येतात. तुम्ही राजपुत्रालाच शेवटपर्यंत नायक धरलं तर खोटी राणी फक्त खल दिसेल. बेलराणीला नायक धरा, मग खोटी राणी कोण ते लगेच कळतं. तिनं दुसरीचं लुगडं, दागिने आणि जागा घेतलीय, आणि ज्याच्याकडून पद मिळायचं त्याच्यासमोर "मीच ती" म्हटलंय. खलत्व तिच्याकडं आहेच, पण हा तोतयाचा दावा आहे.

दुसऱ्या पल्ल्यात दाता कुठंय? नाही. बेलराणीची परीक्षा कुणी घेत नाही, तिला कुणी काही देत नाही. आता साहाय्यक मोजा: कमळ, झाड, माळीण, राघू-मैना. माळीण सोडली तर बाकी सगळी बेलराणीचीच रूपं आहेत, आणि पहिल्या पल्ल्यातल्या साहाय्यकासारखं एकही काम ती करत नाहीत. कुठं उडून नेत नाहीत, राक्षस मारत नाहीत. ती फक्त दिसत राहतात, आणि शेवटी बोलतात. म्हणजे ती साक्षीदार आहेत. विहिरीवर बघणारं कुणी नव्हतं, म्हणून गोष्टीला साक्षीदार घडवावे लागले, आणि तेही मारल्या गेलेल्या बाईच्या अंगातूनच. खोटी राणी त्यांना एकेक करून का नष्ट करते ते आता वेगळं सांगायला नको. कमळ तिचं काहीच वाकडं करत नव्हतं. ते नुसतं राजपुत्राच्या हाताला येत होतं, तेवढंच तिला पुरेसं धोक्याचं होतं.

खुणेच्या वस्तूकडंही बघा. राक्षस मारण्याच्या गोष्टींत (सूचीतला ३०० क्रमांक) तोतया मेलेल्या राक्षसाची मुंडकी घेऊन राजाकडं जातो आणि खरा नायक नंतर येऊन त्या मुंडक्यांतल्या जिभा कनवटीतून काढतो. तिथं वस्तू खरं बोलते. बेलराणीच्या गोष्टीत वस्तू खोटं बोलते, कारण लुगडं आणि दागिने खोटीच्या अंगावर आहेत. वस्तू हातातून गेली की ओळख पटवायला वाचा लागते, म्हणून पाखरं बोलतात. तुमच्या गोष्टींत जिथं जिथं राघू-मैना, दिवे, बाहुल्या रात्री आपसात बोलतात आणि खाली कुणीतरी ऐकत असतो, तिथं मागं जाऊन तपासा की नायकाच्या खुणेची वस्तू कुठं गेली. दिव्याच्या अवसेच्या कहाणीत हेच आहे: सुनेची चोळी उंदरांनी पाहुण्याच्या अंथरुणात नेऊन टाकलीय, वस्तू तिच्याविरुद्ध साक्ष देतेय, म्हणून झाडावर बसून दिव्यांना बोलावं लागतं आणि राजानं खाली ते ऐकावं लागतं.

एक अवघड बाब इथंच सांगतो. पाण्याला आलेली ती "बाई" कोण, हे सांगणारी बाई बहुतेक वेळा जातीनं सांगते. भारतभरच्या जुन्या छापील संग्रहांतही तोतयाच्या जागी खालच्या मानलेल्या जातीचा माणूस घातलेला वारंवार दिसतो. भूमिका म्हणून ती जागा रिकामी आहे, तिला फक्त "दुसऱ्याची जागा घेणारी" एवढंच लागतं. त्यात कुणाला बसवायचं ते सांगणाऱ्याचं घर ठरवतं. लिप्यंतरात जसं सांगितलं तसंच ठेवा, गाळू नका. पण विश्लेषणात भूमिका वेगळी आणि तिच्यात बसवलेली जात वेगळी लिहा. एकच गोष्ट गावातल्या दोन वस्त्यांत रेकॉर्ड केलीत तर तुलनेला फार चांगली सामग्री मिळते.

आता तोतया सापडत नाही त्या निम्म्या गोष्टी. पहिली गोष्ट म्हणजे तो नसला तरी चालतं. खोटा दावा आणि त्याचं पितळ उघडं पडणं ही जोडी आहे, ती गोष्टीत एकत्र येते किंवा एकत्रच नसते. राक्षस मेल्याबरोबर तिथल्या तिथं लग्न झालं तर दावा करायला फटच राहिली नाही. ओढून-ताणून कुणाला तिथं बसवू नका. पण मला वाटतं तुमच्या संग्रहात श्रावणातल्या कहाण्याही असतील, आणि तिथं तोतया दिसत नाही याचं कारण वेगळं आहे.

आदित्यराणूबाईची कहाणी घ्या. गरीब ब्राह्मण रानात समिधा-दूर्वा आणायला जातो, तिथं नागकन्या-देवकन्या वसा वसतायत. तो विचारतो. त्या म्हणतात, तुला वसा कशाला, उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील. तो म्हणतो, उतणार नाही, मातणार नाही. त्याला वसा मिळतो, भाग्य येतं, एक लेक राजाला जाते आणि एक प्रधानाला. पुढं बाप दोघींकडं कहाणी सांगायला जातो. राणी म्हणते, राजा शिकारीला निघालाय, मला वेळ नाही. प्रधानाची बायको बसून ऐकते. राणीला दारिद्र्य येतं. ती एकेका मुलाला मावशीकडं पाठवते. मावशी कोहळा पोखरून त्यात होन-मोहरा भरून देते, वाटेत सूर्यनारायण माळ्याच्या रूपानं येऊन तो काढून घेतो. काठी पोखरून देते, तो गुराखी होऊन घेतो. नारळ विहिरीत जातो, शिदोरी घार नेते.

प्रॉपच्या गोष्टींत आधी परीक्षा, मग दान. कहाणीत आधी दान, मग परीक्षा, आणि ती परीक्षा जन्मभर चालते. म्हणून दान इथं परतही जातं. मावशीनं दिलेलं दान खरं आहे, मोहरा खऱ्या आहेत, पण मूळ दात्याची परीक्षा नापास झालेल्या हातात ते टिकत नाही. आणि दाता स्वतःच येऊन ते काढून घेतो. कोहळा नेणाऱ्या माळ्याला खल म्हणून नोंदवलंत तर सगळी कहाणी उलटी होईल.

आता राणीकडं बघा. दात्यापुढं उलटं वागणं हे तोतयाचं काम तिनं केलंय. पण खोटा दावा केलेला नाही. तोतयाच्या तीनपैकी शेवटचं काम कहाणी तिच्याकडून करून घेत नाही, म्हणून तिला परतीची वाट राहते. शेवटी ती स्वतः बहिणीकडं जाते, कहाणी ऐकते, वसा घेते, राजा न्यायला येतो. आणि परतीच्या वाटेवर मुक्कामाला ती काय करते? उपाशी कुणी आहे का ते शोधून मोळीविक्याला कहाणी सांगते, त्याची मोळी सोन्याची होते. मग माळी, मग म्हातारी. ज्या बाईनं बापाची कहाणी ऐकायला नकार दिला तीच आता दुसऱ्यांना "ऐकतोस का?" विचारते. म्हणजे ती दात्याच्या जागी आली. राजपुत्राच्या गोष्टीत दोन पात्रांत वाटलेली कामं इथं एकाच बाईच्या आयुष्यात वेगवेगळ्या वेळी येतात. तुम्हाला तोतया सापडत नाही तो यामुळं. तो वेगळा माणूस म्हणून उभाच नाही.

तेव्हा प्रबंधात राजपुत्राच्या गोष्टी आणि कहाण्या एकाच तक्त्यात घालू नका. कोल्ह्या-करकोच्याच्या गोष्टी, येड्या जावयाच्या गोष्टी तर बाहेरच ठेवा. प्रॉपनं हे सगळं फक्त अद्भुतकथांसाठी मांडलं होतं. ग्रेमासनं १९६६ साली या सात भूमिका आणखी आटवून सहा केल्या, आणि त्यात दाता व साहाय्यक एकत्र गेले, खल व तोतया एकत्र गेले. तुमचे मार्गदर्शक ते सुचवतील, कारण तक्ता सुटसुटीत होतो. पण तुम्हाला हेच चौघं वेगळे पाहिजेत, म्हणून या कामासाठी ते नको.

प्रत्यक्ष कसं करायचं ते सांगतो. लिप्यंतरातल्या प्रत्येक घटनेतून क्रियापद काढा आणि त्याचं नाम करा: हिणवणं, चाकरी, दान, मान वळवणं, सोडवणं. एका रकान्यात हे, दुसऱ्यात कुणी केलं, तिसऱ्यात कुणासमोर केलं. तिसरा रकाना कुणी भरत नाही आणि सगळा उलगडा त्यातच असतो. जिथं "कुणासमोर" रिकामं राहतं आणि त्या कामाला बक्षीस आहे, तिथून पुढं तोतया येण्याची शक्यता. भूमिकांची नावं सगळ्यात शेवटी, पेन्सिलीनं.

तक्ता भरताना कुठं दान दिसलं आणि त्याआधी परीक्षा दिसली नाही, तर थांबा. सांगणारी बाई पाहुण्यासमोर, रेकॉर्डर चालू असताना, गोष्ट आवरती घेते, आणि आवरताना पहिल्यांदा परीक्षाच जाते. "मंग साधूनं त्याला घोडा दिला" एवढंच येतं. त्या आजींकडं पुन्हा जा आणि "परीक्षा कुठली?" असं विचारू नका, तर "त्यालाच काहून दिला वं माय?" असं विचारा. बहुतेक वेळा "आगं, सांगायचंच ऱ्हायलं," म्हणून साधूच्या पायातला काटा निघतो. जमल्यास हुंकार द्यायला घरातलं लेकरू बसवा. तुम्ही हुंकार दिलात तर त्या तुमच्या मानानं सांगतात; लेकरू मध्येच "का?" विचारतं आणि परीक्षा आपोआप बाहेर येते. दोनदा विचारूनही आली नाही, तर त्या गोष्टीत ती नाही, असं लिहा.

तुमचा घोडा आता सोपा आहे. साधूनं दिला तोवर घोडा हे दान. त्यावर बसून राजपुत्र निघाला आणि घोडा स्वतःहून काही करायला लागला, समुद्र ओलांडला, सल्ला दिला, तिथून तो साहाय्यक. प्रॉपकडंही हेच आहे, मिळालेली चीज जिवंत असली तर ती साहाय्यक होते. दान निर्जीव असलं, तलवार किंवा राख, तर कामं नायकाच्या हातून होतात आणि श्रेयाचा घोळ कमी होतो. जिवंत असलं तर वाढतो. घोड्याच्या गोष्टींत तोतया जास्त वेळा सापडतो का, हे तुमच्या संग्रहात मोजून बघा, मलाही वाचायला आवडेल.

वजिराच्या पोराचं एवढ्यावरून सांगता येत नाही. तो बरोबर चालतोय म्हणजे साहाय्यकाच्या जागेवर आहे. पण तुमच्या गोष्टीत राजपुत्र विहिरीत उतरत असेल, तर तेव्हा दोर कुणाच्या हातात होता, आणि वर आल्यावर दरबारात पहिलं कोण बोललं, ही दोन वाक्यं तुमच्या रेकॉर्डिंगमधून काढून पाठवा. दोर धरून ठेवला असेल तर साहाय्यक. कापला असेल पण दरबारात गप्प राहिला असेल तर खल. कापून आधी दरबारात पोचला आणि राजकन्येचा हात मागितला, तर तुम्ही शोधताय तो तोतया हाच, आणि आतापर्यंत साहाय्यक म्हणून त्यानं जे जे केलं ते सगळं तक्त्यात तसंच राहू द्या.